दीड रेघ पाणी

आमच्या गावाकडच्या घरी, सोलापूर जिल्ह्यात, नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. मधले दिवस न्हाणीघराच्या स्लॅबवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीवर निघतात. आई एकटी असते, गुडघ्यांमुळे शिडी चढू शकत नाही. म्हणून भावाने टाकीला बाहेरून पारदर्शक लेव्हल पाइप बसवला आणि मागे टाकीच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने दर दहा सेंटिमीटरवर एकेक आडवी रेघ ओढली. एक रेघ म्हणजे शंभर लिटर, असा त्याचा सुटसुटीत हिशोब. आई अंगणातून फोटो काढून पाठवते, मी पुण्यात बसून तो मोठा करून पाहते आणि सांगते, "आज धुणं काढ" किंवा "आज राहू दे."

गेल्या उन्हाळ्यात फोटोत पाणी पहिल्या आणि दुसऱ्या रेघेच्या बरोब्बर मध्ये दिसलं. मी कळवलं, "दीडशे लिटर आहे, आरामात धू." वीसेक मिनिटांत फोन आला. बादलीत साबणाचं पाणी, त्यात दोन चादरी, आणि नळ फुसफुस करून गप्प.

"दीडशे म्हणाली होतीस ना गं? मला तर दोन बादल्यासुद्धा धड मिळाल्या नाहीत."

मला वाटलं, टाकी कुठेतरी गळतेय. पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा पाहिलं, टाकीचा बाहेरचा भाग ठणठणीत कोरडा. गळत होता तो माझा हिशोब, आणि तोही तीन ठिकाणी.

पहिली गळती नळीच्या मागे होती. लेव्हल पाइप टाकीला चिकटून नव्हता, चार सेंटिमीटर पुढे उभा होता. रेघा मात्र मागे टाकीवर. आई खाली उभी राहून फोन वर रोखते. तिची नजर नळीतल्या पाण्याच्या कडेवरून तिरकी वर जाते आणि मागे टाकीवर आणखी वरच्या जागी टेकते. म्हणजे खालून काढलेल्या फोटोत पाणी आहे त्याहून जास्तच दिसणार. फोन पंचेचाळीस अंशांत वर रोखलेला असेल तर नळी टाकीपासून जितकी लांब तितकीच चूक, म्हणजे चार सेंटिमीटर.

पण फोटो किती तिरका काढलाय हे पुण्यात बसून कसं कळायचं? ते खरं तर फोटोतच लिहिलेलं असतं, मी वाचत नव्हते इतकंच. टाकी गोल, त्यामुळे तिच्यावरच्या आडव्या रेघाही गोल वळलेल्या. फोन रेघेच्या उंचीवर धरला तर ती फोटोत सरळ दिसते. खालून काढला तर भुवईसारखी मध्ये वर उचलली जाते आणि वरून काढला तर हसल्यासारखी खाली झुकते. आईच्या फोटोतल्या सगळ्या रेघा चांगल्या कमानदार भुवया होत्या. महिनोन्‌महिने त्या भुवया उंचावून माझ्याकडे पाहत होत्या.

दुसरी गळती टाकीच्या तळाशी. पाण्याचा पाइप अगदी बुडातून निघत नाही, थोडा वर असतो. आमचा आठ सेंटिमीटर वर आहे. त्याच्या खालचं पाणी दिसतं, मोजलं जातं, पण नळाला येत नाही. हे निदान सोलापूरकराला तरी सांगावं लागू नये. उजनी धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं सुमारे ६३ मृतसाठ्यात जातं. म्हणून उन्हाळ्यात "उजनी वजा वीस टक्के" असे मथळे आम्ही चहाबरोबर वाचतो आणि वजा पाण्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. घरच्या टाकीलाही मृतसाठा असतो, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तिसरी गळती लहान. दहा सेंटिमीटरला शंभर लिटर हा भावाचा अंदाज. मी आईच्या शिवणाच्या टेपने टाकीचा घेर मोजला, ३४५ सेंटिमीटर भरला. त्यावरून सेंटिमीटरला साडेनऊ लिटर निघतात. खात्री करायला पंधरा लिटरच्या दहा बादल्या उपसल्या (पाणी वाया नाही घालवलं, नळ आलेला दिवस होता, पिंप भरून घेतलं). पातळी सोळा सेंटिमीटर उतरली. दीडशे भागिले सोळा, सेंटिमीटरला साधारण ९.४. हा आकडा टाकीच्या सरळ अंगापुरताच, वर खांद्याशी टाकी निमुळती होते तिथे तो चालत नाही. पण खांद्यापर्यंत पाणी असताना हिशोब करतो कोण?

आता त्या दिवसाचा फोटो पुन्हा मांडला. दिसत होते पंधरा सेंटिमीटर. तिरक्या नजरेचे चार वजा, राहिले अकरा. तळाचे आठ वजा, राहिले तीन. तीन गुणिले ९.४ म्हणजे अठ्ठावीस लिटर. दोन बादल्यांना दोन लिटर कमी. आई अक्षरशः बरोबर बोलली होती.

टाकी भरलेली असताना असल्या चुका खपून जातात. सहाशेच्या जागी साडेचारशे असले तरी काम अडत नाही. चूक तेवढीच असते, पाणी कमी होत जातं तशी तीच टाकीभर होते.

मग दुरुस्ती. प्लंबरकडून छोट्या चिमट्या आणून नळी टाकीला जवळजवळ टेकवली. शून्य बुडापासून न धरता पाइपच्या तोंडापासून धरला, म्हणजे मृतसाठा आपोआप वजा. तरी एक अडचण उरली. स्वच्छ नळीत स्वच्छ पाणी, फोटोत ते दिसणार कसं? त्यात जुन्या पातळीला शेवाळाची एक हिरवट कड बसलेली, तीच पाण्याची रेघ वाटायची. बॉयलरच्या काचनळीमागे लाल पट्टा ओढलेला असतो, ते आठवलं. गेटचा उरलेला लाल रंग घेऊन नळीच्या बरोबर मागे एक बारीक उभी रेघ ओढली. पाणी भरलेली नळी भिंगाचं काम करते. जिथवर पाणी, तिथवर ती रेघ जवळपास दुप्पट जाड दिसते. पाणी संपलं की एकदम बारीक. शेवाळ भिंग होऊ शकत नाही, त्यामुळे त्याचा दावा निकालात निघाला.

एवढं करूनही आठवड्याने फोटोत एकाच सकाळी पाच सेंटिमीटर पाणी गायब आणि दहा मिनिटांनी परत हजर. आमची नळी टाकीला वेगळी जोडलेली नाही, खाली जाणाऱ्या पाइपवरच्या टी-आकाराच्या जोडातून वर घेतलेली आहे. पाणी जोरात वाहत असलं की तिथला दाब कमी होतो आणि नळीतलं पाणी खाली बसतं. आईने बाथरूमचा नळ पिंपाला लावून अंगणात येऊन फोटो काढला होता. म्हटलं, "नळ बंद करून काढत जा." त्यावर ती म्हणाली, "मग तो फोटो काढायचा मुहूर्तही तूच कळव."

परवा सकाळी सव्वासातला फोटो आला. लाल रेघ जाड, जाड, जाड, मग तेवीसवर एकदम सुतासारखी. खाली तिने लिहिलं होतं, "सगळे नळ बंद आहेत. गोधड्या भिजवू का?"

तेवीस गुणिले ९.४, दोनशे सोळा. नळ उद्या सकाळी येणार. रेघा अजूनही भुवयांसारख्याच वळलेल्या होत्या, पण आता नळी टाकीला टेकलेली.

मी लिहिलं, "एकच भिजव."