अंतरपाटावरचे पळते पट्टे

लातूरच्या एका मंगल कार्यालयातलं लग्न. ‘सावधान’ म्हटल्यावर अक्षता उधळल्या जातात तो क्षण मी ट्रायपॉडवरून सेकंदाला 120 फ्रेमवर, 1/250 शटर लावून टिपला होता. घरी येऊन क्लिप 25 च्या टाइमलाइनवर संथ केली, तर पांढऱ्या अंतरपाटावरून मळकट, आडवे पट्टे सरकताना दिसले. नवरीचे मामा बघून म्हणाले, “कापड धुतलं नव्हतं का हो?”

बाण एकेक दाबत फ्रेम मोजल्या. सातव्या फ्रेमला पट्टा परत पहिल्या जागी. म्हणजे दोष विजेचा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, साध्या ट्यूबा आणि स्वस्त एलईडी त्यावर सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. 120 च्या 6 फ्रेम जातात तेवढ्या वेळात दिवे 5 वेळा लुकलुकतात. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचतो, म्हणून मंद क्षण पट्टा होऊन बसतो.

आधी ffmpeg या फुकटच्या व्हिडिओ प्रोग्रॅमचा `deflicker` लावला. काहीच फरक नाही. तो अख्ख्या फ्रेमचा सरासरी उजेड जुळवतो, आणि माझे पट्टे तर फ्रेमच्या आत होते. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचा Deflicker विकतच्या आवृत्तीत, माझ्याकडे फुकटची. मग विचार केला, दर 6 फ्रेमला चक्र पूर्ण होतं, तर 6 फ्रेमची सरासरीच काढू:

```
ffmpeg -i akshata.mp4 -vf tmix=frames=6 -crf 12 -an sarasari.mp4
```

अंतरपाट, भिंत, जवळपास स्थिर उभे नवरा-नवरी, सगळं स्वच्छ! पण अक्षता गेल्या. एकेका दाण्याचे सहा फिकट ठिपके झाले होते.

म्हणून सरासरीची क्लिप खाली ठेवली, मूळ क्लिप तिच्यावर Lighten मोडमध्ये, म्हणजे दोन्हींतलं जे जास्त उजळ तेच दिसतं. वरच्या क्लिपचा उजेड एवढाच उतरवला की पट्ट्यांमधला सगळ्यात उजळ भागही खालच्यापेक्षा मंद राहावा. मग तिच्यातून फक्त लख्ख दाणे वर येतात. सरासरी अडीच फ्रेम मागे पडते, म्हणून खालची क्लिप टाइमलाइनवर दोन-तीन फ्रेम डावीकडे सरकवली. ठिपके दाण्याभोवती शेपटीसारखे बसले, ते खटकत नाहीत. मात्र हे मागच्या गडद मरून पडद्यापुरतंच. अंतरपाटासमोरून पडणारे दाणे पांढऱ्यावर पांढरे, ते गेले ते गेलेच.

पुढच्या क्लिपमध्ये लाईट गेलेली, जनरेटर सुरू. तिथे सहाचा हिशोब चुकला, पट्टा आठव्या-नवव्या फ्रेमच्या मध्ये कुठेतरी परत येत होता. `frames=15` केल्यावर दोन चक्रं पूर्ण बसली. पण नवरीनं मान वळवली तिथे चेहरा पुसट झाला, तेवढा तुकडा मी कापूनच टाकला.

आता कॅमेरा PAL सेटिंगवर, सेकंदाला 100 फ्रेम, शटर 1/100. प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचं एक पूर्ण चक्र मावतं. दाणे जरा लांबट दिसतात, पण मामा काही विचारत नाहीत.