एकची किंमत टाकून ताळा घेतला अन् फसलो

नंदनवनला अकरावीचे मॅथ्सचे क्लास घेतो मी. परवा फंक्शनची वर्कशीट दिली होती, दुसराच प्रश्न f(x) = x² − 3x + 1, तर f(x+2) काढा. कूलरचा घर्रघर्र आवाज, पोरं घामाघूम, अन् वीस वह्यांत तीन प्रकारची उत्तरं.

काहींनी कंस न घालता x + 2² − 3x + 2 + 1 करून टाकलं, ते नेहमीचंच. पण पाच-सहा जणांनी थेट x² − 3x + 3 लिहिलं, म्हणजे f(x) मध्ये वरून 2 मिळवले. बरोबर उत्तर (x+2)² − 3(x+2) + 1, म्हणजे x² + 4x + 4 − 3x − 6 + 1, म्हणजे x² + x − 1.

मी म्हटलं वाद कशाला, x = 1 टाकून ताळा करा. f(3) येतं 9 − 9 + 1 म्हणजे 1, माझ्या उत्तरात 1 टाकलं तरी 1. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, माझ्या उत्तरात पण 1 च येऊन राहिला ना!"

गेलो फळ्याजवळ. 1 − 3 + 3, खरंच 1. क्लासभर हसणं, अन् मी खडू धरून उभा. मग लक्षात आलं, दोन्ही उत्तरं समान मांडली तर 4x = 4 उरते, म्हणजे फक्त x = 1 लाच ती जुळतात अन् मी नेमका तोच आकडा निवडला होता, काय नशीब! x = 0 टाकलं तर f(2) = −1, माझं उत्तर −1, त्याचं 3. तेव्हा कुठे पोरगा शांत झाला. आता मी एका आकड्यावर ताळा सोडतच नाही, निदान दोन टाकतो अन् 1 टाळतो.

पण गोंधळाचं मूळ वेगळंच निघालं. तो म्हणाला, "सर, x च्या जागी x+2 ठेवायचं, पण त्याच्यात पुन्हा x आहेच, मग जुना कोणता?" बरोबर अडला होता. मी x पुसून डबा काढला, f(□) = □² − 3□ + 1, डब्यात जे येईल ते कंसासकट प्रत्येक डब्यात जाईल. पुढे g(x) = √(x−3) च्या गणितात त्यानं स्वतःच g(x+2) = √(x−1) लिहिलं. मी नुसतं डब्याकडे बोट दाखवलं, त्यानं x + 2 − 3 केलं, √(x−1) च आलं, म्हणजे बरोबरच होतं, मीच उगाच अडवलं. डोमेन मात्र त्यानं जुनंच x ≥ 3 ठेवलं होतं. डब्यातली वस्तू 3 किंवा जास्त हवी, x नाही, म्हणजे x + 2 ≥ 3, म्हणून x ≥ 1. रेंज काही हलली नाही, शून्यापासून वर तशीच.

संध्याकाळी उत्तरांच्या पानावर तिथल्या तिथे ताळ्याचा 1 खोडून 0 अन् 5 लिहिले.