आमची वाटचाल: स्टार्टरच्या कामापासून हेडलाइटच्या फोकसपर्यंत

कराडला हायवेलगत वडिलांनी हे दुकान टाकलं तेव्हा काम म्हणजे डायनॅमो, स्टार्टर आणि बॅटरी. हेडलाइट अंधूक वाटला की बल्ब बदलायचा, झालं. पुढे झेनॉन हेडलाइटच्या सेकंडहँड गाड्या येऊ लागल्या आणि त्यांच्यासोबत मीटरवरचं एक पिवळं चिन्ह आलं: दिवा आणि शेजारी वर-खाली बाण.

स्कॅनर घ्यायचं आम्ही ज्या गाडीमुळे ठरवलं, तिची गोष्ट सांगतो. मालकाची तक्रार होती, "डिपरवर पुढचं काही दिसतच नाही." एका गॅरेजने दोन्ही लाइट बदलायला सांगितले होते. आम्ही गाडी भिंतीसमोर १० मीटरवर उभी केली. डिपरच्या उजेडाची वरची कड या अंतरावर दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. इथे ती २५ सेंटिमीटर खाली होती. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर, म्हणजे जो उजेड ६५ मीटरपर्यंत जायला हवा तो २६ मीटरवरच रस्त्याला टेकत होता. ताशी ८० च्या वेगात हे अंतर सव्वा सेकंदाच्या आत संपतं. ब्रेकवर पाय जाईपर्यंत खड्डा चाकाखाली!

लाइट चांगले होते. मागच्या सस्पेन्शन आर्मला एक सेन्सर बारीक लिंक रॉडने जोडलेला असतो. डिकीत सामान भरलं की मागची बाजू दबते, सेन्सर ते कळवतो आणि मोटर दिवे खाली वळवते. मागे कधीतरी बुश बदलताना हा रॉड तुटून लोंबकळत राहिला होता. सेन्सरचा भरवसा उरला नाही की बऱ्याच गाड्या दिवे मुद्दाम खाली नेऊन ठेवतात, समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून. सोय चांगली, पण आपला रस्ता काळोखात जातो.

आम्ही सेन्सरची तार तपासली. दांडा हाताने हलवला की व्होल्टेज सलग बदलत होतं, म्हणजे सेन्सर शाबूत. फक्त रॉड बदलला. मात्र एवढ्याने चिन्ह गेलं नाही. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, डिकी रिकामी, अशा स्थितीत स्कॅनरने सेन्सरला 'ही गाडीची सरळ उंची' असं शिकवावं लागलं आणि मग स्क्रूने फोकस जुळवला.

काही गाड्यांत 'AFS OFF' लुकलुकतं. तो बिघाड बहुतेकदा वळणावर दिवा फिरवणाऱ्या यंत्रणेचा. सरळ रस्त्यावर फारसं जाणवत नाही, पण घाटात वळणाची आतली बाजू अंधारी राहते. 'AFS OFF' न लुकलुकता स्थिर असेल तर आधी बटण बघा, कुणीतरी बंद केलेलं असतं.

समोरची गाडी ओळखून उजेडाचा तेवढाच भाग झाकणाऱ्या नव्या एलईडी दिव्यांना काचेमागचा कॅमेराही जुळवावा लागतो. ते काम अजून आमच्याकडे होत नाही, अशी गाडी आम्ही सरळ कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो.