गं. भा.

काल रात्री झोप लागली नाही. दोन अक्षरं डोक्यातून जात नव्हती.

दादाने संध्याकाळी काकूच्या निधनवार्तेचा फोटो पाठवला. वर्तमानपत्रातली जाहिरात, तीही मधोमध घडी पडलेली. खाली लिहिलं होतं, "इंग्रजीत करून दे, टोरोंटोला पाठवायचंय. तिकडच्या दोघींना मराठी वाचता येत नाही." मला रडायलाही वेळ न देता सगळे कामाला लावतात, असं वाटलं. मग बसले.

आधी सगळा मजकूर मराठीतच उतरवून काढला. घडीमुळे दशक्रियेची तारीख १३ आहे की १८ ते कळेना. काकू ४ तारखेला गेली. आपल्याकडे गेलेला दिवस पहिला धरतात, म्हणजे दहावा १३ लाच. तरी दादाला विचारून घेतलं. तारीख चुकली तर पोरी तिकडे भलत्याच दिवशी दिवा लावतील.

"अल्पशा आजाराने" सोपं होतं, 'आफ्टर अ ब्रीफ इलनेस'. (अल्पसा कसला, एकोणीस दिवस. असो.) "देवाज्ञा झाली" पाशी अडले. शब्दशः केलं तर देवाने हुकूम सोडल्यासारखं वाटतं. 'पास्ड अवे' लिहिलं. सवयीने पुढे 'पीसफुली' टाइप झालं, ते खोडलं. मराठीत शांतपणे गेल्या असं कुठेही नाही, आणि ते खरंही नाही.

"शोकाकुल" खालची नावं बघता बघता घर सपाट होत गेलं. माझी आई काकूची धाकटी जाऊ, आत्या तिची नणंद, तिच्या भावाची बायको तिची भावजय. तिघींनाही इंग्रजीत एकच शब्द. मी पुतणी आणि तिच्या भावाची मुलगी भाची, आम्ही दोघीही 'नीस'. जाऊ म्हणजे एका स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली बाई, ती नणंदेबरोबर एकाच ओळीत कशी बसेल? शेवटी आईच्या नावापुढे 'नवऱ्याच्या धाकट्या भावाची पत्नी' एवढं लांबलचक इंग्रजीत लिहिलं, आत्यापुढे 'नवऱ्याची बहीण'. काकूच्या नावाखाली मात्र 'आजी' तसंच ठेवलं. त्या पोरी तिला फोनवर आजीच म्हणायच्या, 'ग्रँडमदर' कधीच नाही.

आणि मग सगळ्यात वरची ओळ. नावाआधी "गं. भा."

त्याला इंग्रजीत काहीच नाही. गंगा भागीरथी लिहिलं तर पोरींना ते आजीचंच नाव वाटेल. 'विडो' लिहिलं तर नावाच्या डोक्यावर दगड ठेवल्यासारखं. मी 'मिसेस' लिहिलं, म्हणजे ती दोन अक्षरं सरळ काढून टाकली. फाइल पाठवली आणि तेव्हापासून हेच चाललंय. मला कोणी सांगितलं होतं?

काकूला हे लागून बावीस वर्षं झाली. तोवर पत्रिकेत 'सौ.' असायची. त्यानंतरही चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ तीच करायची, कैरी किसून, वर हिंगाची फोडणी, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून वाट्या बाहेर द्यायची. हात तेवढा दिसायचा. मी तेव्हा काही बोलले नाही. आज तिला वाचता न येणाऱ्या भाषेत तिचं 'गं. भा.' पुसतेय, ते नक्की तिच्यासाठी की माझ्यासाठी?

२०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ती बातमी मीच तिला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "चांगलं केलं हो त्यांनी." आणि लगेच, "दूध उतू जाईल, बघ." बस्स. त्यातून मी काय ते समजायचं.

पहाटे पुन्हा वाटलं, दादाला फोन करून सांगावं की मूळ मजकुरातलं एक सोडलंय. अनुवाद म्हणून ते बरोबर नाही, न विचारता गाळायला नको होतं. पण त्या पोरी आजीला पहिल्यांदा छापलेल्या कागदावर भेटणार, त्यात तिची ओळख काका नसण्यावरून सुरू व्हावी, हे मला लिहिता येईना. नाही आलं. तेवढीच माझी कुवत.

सकाळी फोन केला, सांगितलं. दादा जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "जाहिरातवाल्याने विचारलं, नावाआधी काय लावू. मला पटकन तेच सुचलं." मग म्हणाला, दशक्रियेचा निरोप ग्रुपवर टाकायचाय, मराठीत तूच लिही.

मी 'श्रीमती' लिहून पाठवलं. त्याने सकाळी ८ चे ७.३० केले, घाटाचं नाव नीट केलं, बाकी तसंच पुढे पाठवलं.