गाडी गेटवर उभी असताना फोन कुणाला करायचा?

आमची कंपनी बाणेरची. कारखान्यांच्या डिस्पॅचसाठी सॉफ्टवेअर करतो: माल भरला की बिल, त्याचा ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल आणि शेवटी गेटपास. ग्राहक बहुतेक चाकण, भोसरी, रांजणगाव पट्ट्यातले. सपोर्ट डेस्क माझ्याकडे आलं तेव्हा करारात एकच ओळ होती, की प्रत्येक तक्रारीला चोवीस तासांत उत्तर देऊ. रिपोर्टमधली तारीख उलटी दिसते, त्यालाही चोवीस तास आणि भरलेला ट्रक गेटवर अडकलाय, त्यालाही चोवीस तास. प्रत्यक्षात मात्र क्रम ठरायचा तो आवाजावर. ज्या ग्राहकाकडे आमच्या डायरेक्टरांचा मोबाइल नंबर, त्याचं तिकीट आधी.

मग मॅट्रिक्स, म्हणजे कुठली तक्रार किती गंभीर आणि ती किती वेळात कुणाकडे वर जायची याचा तक्ता, बनवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, एक्सेलची एक शीट करायची, चार रांगा, चार रकाने, झालं. मी आधी बंद झालेली जुनी तिकिटं उघडून बसले. एकच गोष्ट शोधायची होती: वेळ नेमका कुठे जातो? कंटाळवाणं काम आहे, पण उत्तर तिथेच सापडलं. एल टूकडे, म्हणजे डेटाबेस आणि लॉग बघू शकणाऱ्या माणसाकडे तिकीट पोचलं की ते बहुधा दोनेक तासांत सुटायचं. पोचायलाच अर्धा दिवस लागायचा. एल वनचा, म्हणजे डेस्कवर पहिला फोन घेणारा मुलगा प्रामाणिकपणे स्वतः झटत बसायचा, कारण ‘वर’ पाठवणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं, असा एक समज डेस्कवर होता.

म्हणून आकडे मी उलट्या बाजूने काढले. सगळ्यात गंभीर पातळी, आमच्या भाषेत एस १. तिथे ग्राहकाचं अडलेलं काम चार तासांत चालू करून द्यायचं. त्यातले दोन तास एल टूला हवेत. एखादा फोन लागला नाही, व्हीपीएन रुसलं, तर त्यासाठी तासभर हाताशी. उरलेल्या तासात एल वनने अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ तिकीट स्वतःकडे ठेवायचं नाही. अर्ध्या तासाला टूल आपोआप एल टूच्या ऑन-कॉल माणसाला फोन लावतं, एक तास झाला की इंजिनिअरिंग मॅनेजरला, दोन तासांना डायरेक्टरांना. चौथ्या तासाला, म्हणजे मुदत चुकल्यावर, कुणालाच उठवायचं नाही. तेव्हा उठून तो माणूस फक्त माफीचा मेल लिहू शकतो. आणि फोन घड्याळ लावतं, त्यामुळे वर पाठवल्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटत नाही.

खरी भांडणं झाली ती एस १ कशाला म्हणायचं यावर. आमच्या सेल्सवाल्यांचं म्हणणं सरळ होतं, ‘मोठा ग्राहक म्हणजे एस १.’ ते मान्य केलं असतं तर दोन महिन्यांत निम्मी तिकिटं एस १ झाली असती आणि ऑन-कॉलवाल्याने फोन सायलेंटवर टाकला असता. शेवटी तडजोड अशी झाली की ग्राहक मोठा असेल तर कळवायच्या माणसांची यादी वाढेल, पातळी वाढणार नाही. पातळी ठरवायला एल वनने तीनच प्रश्न विचारायचे. आत्ता, या क्षणी गाडी किंवा लाइन थांबली आहे का? दुसऱ्या मार्गाने काम निघतंय का? एकाच माणसाला अडचण आहे की सगळ्या प्लांटला? गाडी थांबलीय आणि दुसरा मार्ग नाही, तर एस १, मग बिल एकच असो. मार्ग आहे पण त्रासाचा, तर एस २. एस ३ आणि एस ४ वर फार डोकं चालवलं नाही. एकाला त्याच दिवशी उत्तर, दुसऱ्याला दोन कामाच्या दिवसांत.

‘अर्जंट’ हा शब्द या प्रश्नांत कुठेच नाही, हे मुद्दाम. मेलच्या विषयात तो सगळेच लिहितात.

उत्तराची वेळ ठरवताना आणखी एक अट घातली. ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ हा आपोआप जाणारा मेल उत्तर म्हणून धरायचा नाही. माणसाने फोन करून तीन प्रश्न विचारले, की उत्तर दिलं. एस १ साठी दिवसा पंधरा मिनिटं, रात्री तीस. रात्रीही पंधराच लिहा असा आग्रह होता, पण आमच्याकडे एल टूची माणसं तीन. तिघांत आळीपाळीने आठवडा धरला तर रात्री दोन वाजता झोपेतून उठून लॅपटॉप उघडायला माणसाला वेळ लागतोच. आणि एस १ फक्त फोनवर नोंदवायचा. रात्रीचा मेल कुणी वाचत नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगून टाकलं.

घड्याळ कुठल्या कॅलेंडरवर चालणार, हा प्रश्न मला आधी किरकोळ वाटला होता. आमचं ऑफिस सोमवार ते शुक्रवार. भोसरी, पिंपरी भागातल्या कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि रविवारी ते जोरात चालू. टूलमधलं ठरावीक कॅलेंडर तसंच ठेवलं तर शनिवारी सकाळी आलेल्या एस २ चं घड्याळ सोमवारी सुरू होतं. ग्राहकाचे कामाचे दोन दिवस गेलेले आणि आमच्या रिपोर्टमध्ये शून्य मिनिटं. त्यामुळे एस १ चोवीस तास, सातही दिवस. एस २ ग्राहकाच्या कॅलेंडरवर, त्यासाठी शनिवार-रविवारी एक माणूस डेस्कवर. बाकीचं आमच्या सवडीने.

हे सगळं कागदावर छान दिसत होतं. चाललं की नाही, ते एका रविवारी कळलं. संध्याकाळी ६:१० ला चाकणच्या एका प्लांटमधून डिस्पॅच सुपरवायझरांचा फोन. ‘मॅडम, गाडी भरून उभीये, आयआरएन निघंना झालाय. ड्रायव्हर निघून जाईल.’ डेस्कवरच्या मुलीने तीन प्रश्न विचारले, एस १ टाकला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: ‘काका, नवीन नंबर टाकून दुसरं बिल करू नका.’

हे वाक्य तिच्या समोरच्या कागदावर होतं आणि त्याला कारण आहे. आयआरएन म्हणजे ई-इन्व्हॉइसच्या सरकारी पोर्टलवर बिलाला मिळणारा नोंदणी क्रमांक. तो विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा नंबर यांच्यावरून तयार होतो. घाईत माणूस पुढचा नंबर टाकतो, आणि पहिला आयआरएन पोर्टलवर आधीच निघालेला असेल तर एकाच मालाची दोन बिलं सरकारदरबारी जातात. पोर्टलवर ते रद्द करायला २४ तास मिळतात, त्यानंतर क्रेडिट नोटचा घोळ. पहिल्या पंधरा मिनिटांच्या फोनचं काम तक्रार सोडवणं हे नाहीच. ग्राहकाने तोवर आणखी गुंता करू नये, एवढंच.

६:२५ ला तिने तिकीट एल टूकडे दिलं, अर्ध्या तासाची वाट न बघता. ऑन-कॉल मुलाने फोन उचलला नाही; बाइकवर होता, असं नंतर कळलं. नियमाप्रमाणे दहा मिनिटांनी, ६:३५ ला, दुसऱ्याला फोन गेला आणि त्याने घेतला. लॉगमध्ये त्याला पोर्टलचं उत्तर दिसलं, एरर `2150`, म्हणजे या बिलाचा आयआरएन आधीच निघालेला आहे. झालं होतं असं: पहिल्या वेळी पोर्टलने आयआरएन दिला, पण उत्तर यायला उशीर झाला, आमच्या सॉफ्टवेअरने वाट बघणं सोडून ‘अयशस्वी’ दाखवलं. सुपरवायझरांनी पुन्हा बटण दाबलं की दरवेळी 2150. जुना आयआरएन त्या एररच्या उत्तरातच असतो. एल टूने तो घेतला, त्यावरून सही असलेला क्यूआर कोड पोर्टलवरून परत मागवला, बिलाला जोडला. पुढे ई-वे बिल निघालं.

मधे ७:१० ला मॅनेजरचा फोन वाजला, कारण तास झाला होता. त्याने ग्रुपवर एवढंच लिहिलं, ‘कुणी हवंय का अजून?’ नको होतं. ७:२० ला गाडी गेटबाहेर. दर अर्ध्या तासाला ग्राहकाला फोन करायचा हा नियम डेस्कवरच्या मुलीने पाळला, दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी सांगण्यासारखं नवीन काही नव्हतं, तेही तिने तसंच सांगितलं.

नंतर तिकीट बंद करायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली. गाडी गेली म्हणून एस १ संपला, पण सॉफ्टवेअर पुढच्या उशिराला तेच करणार होतं. म्हणून सुपरवायझरांना विचारून पातळी एस २ वर आणली आणि मूळ कारणाचं वेगळं तिकीट डेव्हलपमेंटला दिलं: 2150 आलं की सॉफ्टवेअरने स्वतःच जुना आयआरएन उचलावा. ग्राहकाच्या होकाराशिवाय पातळी खाली आणायची नाही, हे मॅट्रिक्समध्ये त्या आठवड्यात लिहिलं.

पळवाटही लवकरच दिसली. ‘ग्राहकाच्या उत्तराची वाट’ अशी स्थिती लावली की टूलचं घड्याळ थांबतं. संध्याकाळी साडेसहाला ‘कृपया स्क्रीनशॉट पाठवा’ असं लिहायचं, तिकीट थांबवायचं आणि घरी जायचं. स्क्रीनशॉट पहिल्याच मेलमध्ये असतो. रिपोर्ट हिरवागार, ग्राहक लालबुंद. आता महिन्याच्या रिपोर्टमध्ये थांबवलेल्या वेळेचा वेगळा रकाना आहे, आणि एस १ चं घड्याळ कुणालाच थांबवता येत नाही.

माहिती चोरी किंवा घुसखोरीची रांग मात्र पूर्ण वेगळी ठेवली. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, त्यामुळे तिथे तीन प्रश्न नाहीत, एल टूही नाही; डेस्कवरून थेट मॅनेजर आणि डायरेक्टर, दोघांना एकदम.

एक नाही तर दुसरा फोन उचलेल अशी शिडी ग्राहकाच्या बाजूलाही लागते, हे मात्र फार जणांना पटवावं लागलं. आमचा माणूस रात्री अकराला तयार आहे, पण पोर्टलचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्यांच्याकडचा अकाउंटंट फोन उचलत नाही, मग काय करणार? आता प्रत्येक ग्राहकाकडून डिस्पॅच, अकाउंट्स आणि आयटी असे तीन नंबर घेतो, आणि दर तिमाहीला त्यांवर खरोखर फोन करून बघतो. नोकरी सोडून गेलेल्यांचे नंबर दरवेळी निघतात.

सध्या अडलंय ते एका कलमावर. सरकारी पोर्टलच बंद असेल तर आमचे चार तास मोजायचे का? आमचा प्रस्ताव असा, की सोडवण्याचं घड्याळ थांबेल, पण अर्ध्या तासाचे फोन चालू राहतील, आणि दुसऱ्या नोंदणी पोर्टलवरून आयआरएन काढता येतो का हे आम्ही पहिल्या तासात तपासून सांगू. बहुतेकांनी सही केली. रांजणगावच्या एका ग्राहकाचे परचेसवाले म्हणतात, ‘ते तुमचं तुम्ही बघा, आमची गाडी गेली पाहिजे.’ त्यांच्याशी पुढची मीटिंग शुक्रवारी आहे.