दुर्योधनाची चूक कोणत्या श्लोकात आहे?

एम.ए.च्या वर्गाला मी भासाचं ‘ऊरुभंग’ गेली चौदा वर्षं शिकवते आहे. माझ्या टिपणवहीतलं पहिलं वाक्य इतकी वर्षं तेच होतं: ‘ऊरुभंग ही संस्कृतातली एकमेव शोकांतिका आणि दुर्योधन हा तिचा शोकनायक.’ मी विद्यार्थिनी असताना मला ते असंच मिळालं होतं. पुढे मी ते मुलांना दिलं आणि मुलांनी ते उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळवले. गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी आम्ही दोन तास त्या एकाच वाक्यापाशी बसलो, आणि उठलो तेव्हा ते जसंच्या तसं राहिलेलं नव्हतं.

नाटक छोटं आहे, एका अंकाचं. विसाव्या शतकाच्या आरंभी केरळात गणपतिशास्त्रींना जी तेरा नाटकं सापडली आणि 1912 पासून त्रिवेंद्रमहून छापली गेली, त्यांतलं हे एक. ती सगळी भासाचीच का, यावर अजून वाद आहे. सुरुवातीला तीन सैनिक युद्धभूमीवर फिरताना भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध पाहतात आणि आपल्याला सांगतात. पडदा सरतो तेव्हा दुर्योधन मांड्या मोडून जमिनीवर सरपटत येतो. पुढचं सगळं नाटक त्याच्या मरणाच्या तासाभराचं आहे.

त्या दिवशी वर्गात सात जण होते. एक मुलगा गावाकडे हौशी नाटकांत काम करणारा, बोलायला भिडस्त, पण संहिता हातात असली की एकदम मोकळा होणारा. त्याने विंदा करंदीकरांचं ‘अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ वाचून काढलं होतं. मी नेहमीचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि तो म्हणाला, “मॅडम, ईडिपसचं मला कळतं. दुर्योधनाची हॅमर्शिया, म्हणजे शोकनायकाला पाडणारी ती चूक, कोणत्या श्लोकात आहे तेवढं सांगा ना.”

मी म्हटलं, “शोधू या.”

आधी सैनिकांचं वर्णन काढलं, कारण पतन तिथे घडतं. गदेच्या घावाने भीम खाली कोसळतो. व्यास चकित होतात, अर्जुन गांडीवाला हात घालतो. दुर्योधन त्या क्षणी शेवटचा घाव घालू शकला असता. तो घालत नाही. हसून म्हणतो, भिऊ नकोस, असल्या अवस्थेतल्या माणसाला वीर मारत नाही. मग कृष्ण स्वतःच्या मांडीवर थाप मारून भीमाला खूण करतो, भीम उठतो आणि युद्धाचा नियम मोडून मांड्यांवर गदा हाणतो. म्हणजे नाटकाच्या हद्दीत पाहिलं तर दुर्योधन पडतो तो चुकीने पडत नाही, नियम पाळल्याने पडतो. मुलगा म्हणाला, “हा तर गुण झाला.” मलाही ते नाकारता येईना.

मागच्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, “चूक नाटकाबाहेर आहे. द्यूतसभेत.” ही पळवाट नव्हती. खुद्द अ‍ॅरिस्टॉटलच चौदाव्या प्रकरणात सांगतो की ईडिपसचं भयंकर कृत्य सोफोक्लीसच्या नाटकाबाहेर घडलेलं आहे. बापाचा खून आणि आईशी लग्न दोन्ही पडदा उघडण्यापूर्वीच होऊन गेलेलं असतं. तेव्हा घटना संहितेबाहेर आहे एवढ्यावरून ती बाद होत नाही.

पण अडचण पुढे होती. तेराव्या प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल एकेक माणूस बाजूला करत जातो. निखळ सज्जन दुःखात पडला तर ते नुसतं किळसवाणं वाटतं. दुष्ट माणूस सुखातून दुःखात गेला तर न्याय झाल्याचं समाधान मिळेल, पण करुणाही वाटणार नाही आणि भयही. कारण करुणा वाटते ती लायकीपेक्षा जास्त भोगणाऱ्याबद्दल, आणि भय वाटतं ते आपल्यासारख्याबद्दल. उरतो तो मधला माणूस, जो दुष्टपणामुळे नव्हे तर एखाद्या मोठ्या प्रमादामुळे पडतो. ईडिपसला तिठ्यावर मारलेला म्हातारा कोण हे ठाऊक नव्हतं. द्रौपदी कोण हे दुर्योधनाला पुरतं ठाऊक होतं. भर सभेत तिला ओढत आणवणं आणि मांडी दाखवणं याला प्रमाद म्हणायचं तर मराठी भाषेशीच खोटं बोलावं लागेल. ते दुष्कर्म आहे, आणि अ‍ॅरिस्टॉटलने नेमकी तीच जागा शोकनायकाला नाकारली आहे.

मग शिक्का उखडून टाकायचा का? मी फळ्यावरचा ‘शोकनायक’ शब्द पुसायला हात उचलला होता. मुलगा म्हणाला, “पुसू नका. दुर्जयाचा प्रवेश वाचून होऊ दे.”

त्याने तो उभा राहून वाचला. आंधळा धृतराष्ट्र, गांधारी आणि राण्या रणभूमीवर दुर्योधनाला शोधत येतात. पुढे चालणारा लहानगा दुर्जय बापाला पाहतो आणि सवयीने मांडीवर बसायला जातो. बाप त्याला अडवतो. का, असं पोर विचारतं. उत्तर असं आहे:

त्यक्त्वा परिचितं पुत्र यत्र तत्र त्वयास्यताम् ।
अद्यप्रभृति नास्तीदं पूर्वभुक्तं तवासनम् ॥

बाळा, ओळखीची जागा सोड, कुठेही बस; आजपासून हे तुझं नेहमीचं आसन उरलं नाही. आसन म्हणजे मांडी आणि आसन म्हणजे सिंहासन, दोन्ही एका शब्दात गेली. सभेत द्रौपदीला दाखवलेल्या मांडीचा उल्लेख भास इथे करत नाही. करायची गरजही नाही. महाभारत माहीत असलेल्या प्रेक्षकाला ती मांडी दिसतेच, आणि आता तिच्यावर स्वतःचं मूलही बसू शकत नाही.

याच्या अगोदरच्या श्लोकात दुर्योधन मुलाला पाहून म्हणतो की माझ्या डोळ्यांचा हा उत्सव, पण ‘कालविपर्यासात्’ चंद्राचाच अग्नी झाला. या शब्दावरून मी चौदा वर्षं नुसती पुढे गेले होते. विपर्यास म्हणजे उलथापालथ; ग्रीक पेरिपेटीसाठी मराठी समीक्षा शोधून काढेल असाच शब्द. मात्र अ‍ॅरिस्टॉटलचा विपर्यास कथानकाच्या पोटातून यावा लागतो, एका कृतीने उलटंच फळ द्यावं लागतं. कोरिंथहून आलेला दूत ईडिपसची भीती घालवायला बोलतो आणि त्याच बोलण्याने त्याचा घात करतो. भासाने विपर्यासाचा कर्ता काळ ठरवला आहे. शब्द जुळले म्हणून कल्पना जुळली असं मुलांनी लिहू नये, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

घंटा व्हायला पंधरा मिनिटं असताना मागच्या बाकावरच्या मुलीने पुढचं पान उलटलं. अश्वत्थामा सूडाच्या गोष्टी करत आलेला असतो, आणि दुर्योधन त्याला थांबवताना म्हणतो: द्यूताच्या वेळी द्रौपदीला केस धरून ओढलं, कोवळ्या अभिमन्यूला रणात मारलं, फाशांच्या कपटाने जिंकलेल्या पांडवांना रानातल्या श्वापदांसोबत राहावं लागलं, विचार कर, त्या मानाने ‘नन्वल्पं मयि तैः कृतम्’, त्यांनी माझं केलं ते थोडंच.

वर्ग गप्प झाला. मी मुलांना बलरामाशी झालेलं आधीचं बोलणं पुन्हा काढायला सांगितलं. तिथे हाच दुर्योधन म्हणतो की मला कपटाने जिंकलं असं तुम्हाला वाटत असेल तर मी हरलोच नाही. भीमाच्या गदेत शिरून हरीनेच मला मृत्यूच्या हवाली केलं. तिथे पतनाचं कारण बाहेर आहे, देवात आहे. अश्वत्थाम्यापाशी ते कारण स्वतःच्या कृत्यांत आलं. दोहोंच्या मध्ये काय घडलं? मांडीवर बसायला आलेलं पोर. त्याच पोराला तो सांगतो, पांडवांची माझ्यासारखीच सेवा कर, कुंतीचं ऐक, द्रौपदीला आणि अभिमन्यूच्या आईला आई मान.

अकराव्या प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल अभिज्ञानाची व्याख्या करतो: अज्ञानातून ज्ञानाकडे होणारा बदल, जो माणसांना मैत्रीकडे किंवा वैराकडे नेतो. ही व्याख्या आम्ही नेहमी अंगठ्या, जखमांचे व्रण आणि जन्मखुणा यांच्यापुरती वापरतो. दुर्योधनाला कोणाची नवी ओळख पटत नाही. आपण काय केलं याची ओळख पटते, आणि वैर्‍याच्या घरातल्या बायका मुलाच्या आया होतात. माझ्या मते व्याख्येची दोन्ही टोकं इथे भरतात. प्रमाद नाही, पण अभिज्ञान आहे, आणि ईडिपसच्या अभिज्ञानाला लाजवणार नाही असं आहे.

एकाने विचारलं, “पण तो शेवटी स्वर्गाला जातो, मग शोकांतिका कशी?” हा आक्षेप मला सगळ्यांत कच्चा वाटतो. दुर्योधनाला शंतनू आणि इतर पूर्वज दिसतात, अप्सरा दिसतात, हजार हंसांचं विमान न्यायला येतं, हे खरं. पण ज्या नाटकांत घात अगदी शेवटच्या क्षणी टळतो त्यांना अ‍ॅरिस्टॉटल चौदाव्या प्रकरणात वरची जागा देतो. दुःखाचा शेवट ही त्याची अट नाही. ‘शोकांतिका’ या आपल्या शब्दातल्या ‘अंत’ने आपली दिशाभूल केली आहे, मराठीत ‘शोकात्मिका’ हा शब्द आला तो यासाठीच, आणि मी तो त्या दिवसापासून वापरते.

संस्कृत परंपरेकडे स्वतःचं नाव आहेच: ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथातला उत्सृष्टिकांक हा नाट्यप्रकार. एक अंक, प्रसिद्ध कथा, करुण रस, स्त्रियांचा विलाप. ऊरुभंग त्यात बरंचसं बसतं, आणि दुष्ट माणसाबद्दल आपल्याला रडू का येतं याचं उत्तरही तिथे मिळतं. करुण रस लायकी मोजत बसत नाही, समोरचा वियोग दाखवतो. पण ‘नन्वल्पम्’ म्हणणाऱ्या माणसात जो बदल झाला त्याला या साच्यात जागा नाही. त्यासाठी मला अ‍ॅरिस्टॉटलचं अकरावं प्रकरणच लागतं.

घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. मुलाने विचारलं, “हे अश्वत्थामा ऐकतो का?” मी म्हटलं, “वाच.” त्याने वाचलं. अश्वत्थामा ऐकत नाही. तो त्या लहान दुर्जयाला रणभूमीवरच राज्याभिषेक करतो, आणि दुर्योधनाचे डोळे मिटल्यावर झोपलेल्या पांडवांना मारायला रात्रीच निघून जातो.

फळ्यावरचं वाक्य मी पुसलं नाही. ‘शोकनायक’पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि यंदाच्या प्रश्नपत्रिकेत ‘दुर्योधन शोकनायक आहे हे स्पष्ट करा’ याऐवजी विचारलं: ‘दुर्योधनाला शोकनायक म्हणण्यासाठी संहितेतला कोणता श्लोक पुढे कराल आणि कोणता आड येतो?’ सातांपैकी पाच जणांनी दोन्ही ठिकाणी एकच श्लोक लिहिला होता, द्रौपदीचा.