आमची वाटचाल : सोमवार सकाळची लाल यादी

आम्ही यूपीएस आणि बॅटरी बँकांची देखभाल करतो. सुरुवात २०११ साली भोसरीत झाली. दोन माणसं, एक मोटारसायकल आणि एक वही. कॉल आला की वहीत तारीख-वेळ लिहायची, काम झालं की त्यावर रेघ मारायची. उशीर झाला का, हे कुणी मोजत नव्हतं, कारण ग्राहकाचा दुसरा फोन आला की उशीर झाला हे कळायचंच. आज आम्ही चौदा जण आहोत. सहकारी बँकांच्या शाखा, एमआयडीसीतले कारखाने आणि काही हॉस्पिटलं आमच्याकडे एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभाल करारावर आहेत. वही जाऊन सॉफ्टवेअर आलं आणि त्याच्यासोबत एसएलएचं, म्हणजे करारात ठरलेल्या मुदतीचं घड्याळ आलं. कॉल नोंदवला की घड्याळ सुरू होतं, मुदत टळली की कॉल लाल होतो. त्या लाल रंगाने आमच्याकडच्या एका चांगल्या माणसावर अन्याय केला, आणि तो माझ्या हातून झाला. म्हणून आमच्या वाटचालीतला हाच भाग मला सविस्तर सांगायचा आहे.

पहिली सूचना आम्हाला २०२२ मध्येच मिळाली होती. ६ फेब्रुवारीला, रविवारी, लता मंगेशकर गेल्या आणि राज्य सरकारने दुसऱ्या दिवशी, सोमवारी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. ऑफिस सांभाळणाऱ्या आमच्या ताई इतक्या दक्ष की त्यांनी रविवारी रात्रीच घरून लॉगिन करून ७ फेब्रुवारी सुट्ट्यांच्या यादीत टाकली. तरीही सोमवारी दुपारी तीन वाजता एका बँक शाखेचा कॉल लाल झाला आणि सगळ्यांना मेल गेले. ताई म्हणाल्या, "सर, मी सुट्टी टाकली होती हो, बघा ना." यादी बघितली तर सुट्टी खरंच होती.

कारण नंतर कळलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मुदतीची वेळ कॉल नोंदवतानाच काढून ठेवली जाते. तो कॉल शनिवारी दुपारी तीनला आला होता. आमचे तास दहा ते सहा, दुरुस्तीची मुदत आठ तास. म्हणजे शनिवारचे तीन आणि सोमवारचे पाच तास धरून मुदत सोमवारी दुपारी तीन, असं शनिवारीच लिहून झालं होतं. रविवारी रात्री यादीत घातलेली सुट्टी त्यानंतर नोंदवलेल्या कॉल्सना लागू झाली. जुन्या कॉलची मुदत जागची हलली नाही. काही सॉफ्टवेअरं उघड्या कॉल्सची मुदत पुन्हा मोजतात, काही मोजत नाहीत, आणि काहींत ते बटण दाबून करावं लागतं. आपलं कोणत्या जातीचं आहे हे तपासायला पाच मिनिटं लागतात : एक खोटा कॉल नोंदवायचा, उद्याची सुट्टी टाकायची आणि मुदत सरकते का ते बघायचं. आम्ही तेव्हा तपासलं नाही. तो एक कॉल हाताने दुरुस्त केला आणि विषय संपला असं समजलो.

खरा प्रकार जानेवारी २०२४ मध्ये समोर आला. गुरुवारी, २५ तारखेला, दुपारी साडेचार वाजता एका शाखेचा कॉल आला. यूपीएस बायपासवर गेला होता. शाखेचं काम थेट मेनवर चालू होतं, पण बॅकअप नव्हता. आमचा इंजिनिअर तेव्हा चाकणला होता. तिथून निघून सहाच्या आत पोहोचणं शक्य नव्हतं. शाखा म्हणाली, चालेल. शुक्रवारी प्रजासत्ताक दिन. शनिवारी हा मुलगा सकाळी साडेदहाला शाखेसमोर जाऊन उभा राहिला. शटर बंद. वॉचमन म्हणाला, "आज चौथा शनिवार आहे, साहेब." सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घड्याळाला ते माहीत नव्हतं, कारण आम्ही स्वतः सगळे शनिवार काम करतो आणि घड्याळाला आमचाच आठवडा शिकवलेला होता. मुलगा परत आला, सोमवारी दहाला शाखा उघडताच हजर झाला, पंखा आणि कंट्रोल कार्ड बदलून बारापर्यंत काम संपवलं.

सोमवारी सकाळी दहाला मी स्क्रीन उघडला तेव्हा तो कॉल लाल होता आणि समोर लिहिलं होतं : ४१ तास ३० मिनिटं उशीर. एवढा आकडा बघून माझं डोकंच फिरलं. आता हा आकडा कुठून आला ते बघा. आमच्या कॅलेंडरप्रमाणे गुरुवारचा दीड तास, शुक्रवारी सुट्टी, शनिवारचे साडेसहा तास, म्हणून मुदत शनिवारी दुपारी साडेचार. तिथून सोमवारी सकाळी दहापर्यंत भिंतीवरच्या घड्याळाने साडेएकेचाळीस तास होतात. म्हणजे मुदत काढताना सॉफ्टवेअरने कामाचे तास धरले, पण उशीर दाखवताना आताच्या वेळेतून मुदतीची वेळ सरळ वजा केली. शनिवारची रात्र, अख्खा रविवार, सोमवारची पहाट, सगळं त्यात आलं. आमच्याच कॅलेंडरने मोजला असता तर उशीर फक्त दीड तासाचा होता. आणि बँकेच्या कॅलेंडरने मोजला तर शनिवार गळतो, मुदत सोमवारी दुपारी साडेचारवर जाते आणि दहा वाजता हातात अजून साडेसहा तास शिल्लक होते. एकाच कामाची ही तीन उत्तरं, आणि त्यातलं सर्वांत वाईट तेवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं.

महिन्याच्या शेवटी लाल कॉल मोजून आम्ही इन्सेंटिव्ह ठरवायचो. या मुलाचे तीन लाल निघाले आणि त्याचा इन्सेंटिव्ह मी कापला. तो भांडला नाही. फक्त म्हणाला, "सर, तिन्ही कॉल बँकेचे आहेत, आणि तिन्ही वेळा मधे शनिवार आहे." ताईंनी तेव्हाच कॅलेंडर काढलं. एक कॉल दुसऱ्या शनिवारचा, १३ तारखेचा. दुसरा या चौथ्या शनिवारचा. तिसरा मात्र खरंच उशिराचा होता. दोन कॉल्सचे पैसे त्याला फेब्रुवारीच्या पगारात परत दिले आणि त्याआधी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मग आधीच्या वर्षभराचे लाल कॉल काढून बसलो. आणखी दोघांचे पैसे निघाले, तेही दिले.

त्या कामात जे सापडलं ते मला जास्त टोचलं. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी प्रत्येक औद्योगिक भागाला वेगळा वार दिला गेला, ती पद्धत अजून टिकून आहे. म्हणजे त्यांचा रविवार हा कामाचा दिवस. शनिवारी दुपारी साडेचारला तिथून कॉल आला, तर आमच्या घड्याळाची मुदत सोमवारी साडेचार. रविवारी घड्याळ झोपलेलं. तिकडे लाइन चालू, यूपीएस बंद, सुपरवायझर वाट बघतोय, आणि आमच्या स्क्रीनवर तो कॉल हिरवागार. बँकेचा कॉल लाल दिसला तर निदान कुणीतरी विचारतं. हा हिरवा कॉल कुणी विचारत नाही. दोन कारखान्यांनी एएमसी पुढे चालू ठेवली नव्हती. कारण आता मला माहीत आहे.

मग आम्ही एकाच्या जागी चार कॅलेंडरं केली : आमचं स्वतःचं, बँकांचं, गुरुवार सुट्टीच्या कारखान्यांचं, आणि चोवीस तास सातही दिवसांचं. सगळ्यात जास्त वाद झाला तो कॅलेंडर कशाला बांधायचं यावर. मला वाटायचं, ग्राहकाला. ताईंनी एटीएमचं उदाहरण दिलं. शाखेचा यूपीएस बँकेच्या वेळा पाळतो, पण त्याच भिंतीपलीकडच्या एटीएमचा यूपीएस रविवारी रात्रीही चालू लागतो. ग्राहक एक, पत्ता एक, घड्याळं दोन. म्हणून आता कॅलेंडर मशीनच्या सीरियल नंबरला बांधलं आहे. करारातही "आठ तासांत" असं न लिहिता "शाखेच्या कामाच्या आठ तासांत" असं लिहितो आणि सुट्ट्यांची यादी सोबत जोडून दोन्हीकडच्या सह्या घेतो. त्याशिवाय रविवारी कारखान्यात जायचं तर त्या दिवशी माणूसही लागतो. त्यासाठी दोघांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी केली, त्यांना विचारून.

महिन्याचा अहवाल मी अजून स्प्रेडशीटवर काढतो, तिथेही हीच गफलत होती. बंद झाल्याच्या तारखेतून नोंदीची तारीख सरळ वजा करायचो. आता हे वापरतो :

```
=NETWORKDAYS.INTL(B2,C2,"0000001",$F$2:$F$60)
=NETWORKDAYS.INTL(B2,C2,"0001000",$G$2:$G$60)
```

अवतरणातले सात आकडे म्हणजे सोमवार ते रविवार, आणि 1 म्हणजे सुट्टी. B मध्ये नोंदीची तारीख, C मध्ये बंद झाल्याची, F आणि G मध्ये सुट्ट्या. पहिली ओळ बँकांची, दुसरी गुरुवारवाल्या कारखान्यांची. दुसरा-चौथा शनिवार या सात आकड्यांत बसवता येत नाही, कारण तो दर आठवड्याला येत नाही. वर्षाचे ते चोवीस शनिवार F स्तंभात इतर सुट्ट्यांसोबत तारीखवार लिहावे लागतात. हे सूत्र पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस मोजतं, त्यामुळे त्याच दिवशी संपलेला कॉल 1 दाखवतो. आणि ते दिवस मोजतं, तास नाही. दंडाचा प्रश्न असेल तेव्हा तासांचा हिशेब सॉफ्टवेअरमधूनच काढावा लागतो.

डिसेंबरचा तिसरा आठवडा आता ताईंनी राखून ठेवलेला असतो. सुट्ट्यांची यादी वर्षापुरती असते. ३१ डिसेंबरला ती संपली आणि नवी जोडली नाही, तर घड्याळ तक्रार करत नाही. ते मुकाट्याने २६ जानेवारीलाही कामावर येतं. गेल्या वर्षीची यादी कॉपी करूनही चालत नाही. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, तोही रविवारी. ईदची तारीख तर चंद्रदर्शनावर सरकते, म्हणून तिच्यासमोर ताई पेन्सिलने फुली मारून ठेवतात आणि आदल्या दिवशी पुन्हा बघतात. ऐनवेळी सुट्टी जाहीर झाली तर यादीत टाकून त्या थांबत नाहीत. उघड्या कॉल्सची यादी काढतात आणि ज्यांची मुदत त्या दिवशी पडते त्यांची पुन्हा मोजायला लावतात.

सोमवारी सकाळी मी अजूनही आधी लाल कॉलच बघतो. पण इंजिनिअरला फोन लावण्याआधी त्या कॉलवर कोणतं कॅलेंडर लागलंय ते उघडून बघतो. आणि शनिवारी संध्याकाळी ताई कारखान्यांचे हिरवे कॉल वेगळे काढून रविवारच्या माणसाच्या हातात देतात.